आउटडोअरमध्ये पाणी गेलं आणि आयपीएम एरर आला: बोर्ड उघडण्यापासून कोटेशन वाचण्यापर्यंत

एप्रिल उजाडला की माझ्या टेबलावर इन्व्हर्टर एसीचे आउटडोअर बोर्ड यायला लागतात, आणि त्यांतले बरेचसे पाण्याने गेलेले असतात. पावसाच्या पाण्याने नव्हे, धुण्याच्या पाण्याने. गाड्या धुवायच्या प्रेशर पंपाने कुणीतरी आउटडोअर चकाचक केलेला असतो. बोर्ड घेऊन आलेला माणूस ठरलेलं वाक्य बोलतो, "दोन दिवस वाळू दिला होता ओ, मग चालू केला. वीस मिनिटं चालला बघा." त्या वीस मिनिटांनीच बोर्ड मारलेला असतो.

या दुरुस्तीत चूक बहुतेक वेळा क्रमाची होते. आधी चालू करून बघायचं आणि मग उघडायचं, कॉम्प्रेसर न तपासता बोर्ड बदलायचा, कोटेशन ऐकून हबकायचं आणि त्यात नेमकं काय धरलंय ते विचारायचंच नाही. म्हणून इथे क्रमच सांगतो. पहिला आणि शेवटचे दोन टप्पे घरमालकासाठी आहेत. मधले टप्पे ज्याला मल्टिमीटर धरता येतो आणि तीनशे व्होल्ट डीसी म्हणजे काय ते माहीत आहे त्याच्यासाठी. बाकीच्यांनी ते वाचून ठेवावेत, म्हणजे कारागीर काय करतोय ते कळेल.

## १. पाणी गेल्याचा संशय आला की पहिली दहा मिनिटं

रिमोटने बंद करणं म्हणजे बंद करणं नव्हे. काही मॉडेलमध्ये रिमोटने बंद केल्यावरही आउटडोअर बोर्डला वीज जातच असते. एसीचा एमसीबी खाली पाडा आणि त्यावर चिकटपट्टी लावा. घरातलं कुणीतरी "बघू तरी" म्हणून तो वर करतंच.

त्यानंतर आउटडोअरला हात लावू नका, ड्रायर मारू नका आणि चालू करून तर बघूच नका. ओला बोर्ड विजेशिवाय पडून राहिला तर तांब्याला हळूहळू गंज चढतो, त्याला दिवस लागतात. तोच बोर्ड विजेवर घेतला तर नुकसान सेकंदांत होतं. पाणी गेलेला पण एकदाही चालू न केलेला बोर्ड माझ्याकडे आला की तो नुसत्या धुण्याने वाचायची शक्यता चांगली असते. चालू करून बघितलेल्या बोर्डाबद्दल असं म्हणता येत नाही.

वॉरंटीत असेल तर इथेच थांबा. बऱ्याच कंपन्या पीसीबीवर काही वर्षांची वॉरंटी देतात, पण कार्डावरच्या बारीक अक्षरांत पाणी, किडे-पाली आणि बाहेरच्या माणसाने उघडणं या गोष्टी सहसा वगळलेल्या असतात. पेटीचा स्क्रू फिरवण्याआधी कार्ड वाचा.

तपासा: पंपाने धुणाऱ्याला विचारा की पाणी कुठून मारलं. समोरच्या जाळीतून की उजव्या बाजूने? बहुतेक स्प्लिट एसींत बोर्डाची पेटी उजवीकडे, कॉम्प्रेसरच्या वरच्या अंगाला असते. उजवीकडून किंवा वरच्या फटीतून फवारा मारला असेल तर पाणी आत गेलंच असं धरून चाला.

## २. उघडण्याआधी कपॅसिटर रिकामे करणं

आउटडोअर बोर्डवर 230 व्होल्ट एसीचं आधी डीसी होतं. साध्या बोर्डवर ते सव्वातीनशेच्या आसपास असतं आणि पीएफसी म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेल्या बोर्डवर चालू असताना आणखी वर जातं. हा साठा मोठ्या कपॅसिटरांत असतो आणि एमसीबी पाडल्यावरही राहतो. बोर्ड धड असेल तर बराचसा आपोआप उतरतो. आयपीएम, म्हणजे कॉम्प्रेसरला वीज बनवून देणारा मोड्यूल, गेला असेल किंवा आतला छोटा पुरवठा बंद पडला असेल तर उतरायला वेळ लागतो. बोर्डवरचा लाल एलईडी विझला म्हणजे साठा संपला असं समजू नका. एलईडी आधी विझतो, कपॅसिटरांत साठ-सत्तर व्होल्ट मागे राहिलेले असू शकतात.

दहा मिनिटं थांबा. मग मीटर डीसीच्या मोठ्या रेंजवर ठेवून मोठ्या कपॅसिटरच्या दोन टोकांवर मोजा. वीस व्होल्टच्या वर दिसलं तर होल्डरला दोन वायरी लावलेला जुना तारेचा बल्ब त्या टोकांवर धरा, शून्याजवळ येईपर्यंत. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची सवय अनेकांना आहे. त्याने ट्रॅक उडतो, कधी धड कपॅसिटरही जातो.

सावधान: चालू बोर्डवर "हा पाच व्होल्टचा भाग आहे, इथे काही होत नाही" म्हणून सेन्सरच्या वायरीला हात लावू नका. बऱ्याच आउटडोअर बोर्डांत हा पाच व्होल्टचा भाग मेन लाईनपासून वेगळा केलेला नसतो. जमिनीच्या मानाने तोही झटका देतो.

आता फोटो काढा. प्रत्येक कनेक्टरचा, वायरीच्या रंगासकट. कॉम्प्रेसरच्या तीन वायरींचा फोटो तर दोनदा. यू, व्ही, डब्ल्यू उलटसुलट लागले तर कॉम्प्रेसर उलटा फिरायला बघतो आणि पुन्हा तोच एरर येतो. मग नवीन बोर्ड खराब निघाला म्हणून भांडणं होतात.

## ३. पाणी कुठून आलं आणि कुठे बसलंय

बोर्ड बाहेर काढल्यावर लगेच पुसू नका. आधी टॉर्च तिरका धरून बघा. आपल्याकडे सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे धुण्याधाण्याला बोअरचं पाणी वापरतात, आणि ते क्षाराचं. ते वाळलं की बोर्डवर पांढरी रेघ राहते. ती रेघ म्हणजे पाण्याच्या वाटेचा नकाशा. ती कुठल्या स्क्रूच्या भोकातून सुरू होते, कुठल्या पिनांवरून जाते आणि कुठे थांबते ते बघून ठेवा. रेघ वायरीच्या गुच्छापासून सुरू होत असेल तर पाणी फवाऱ्याने नव्हे, वायर धरून आत आलंय, आणि ते बंद केल्याशिवाय दुरुस्तीला अर्थ नाही.

दुसरी गोष्ट पूर्व भागातल्या आणि एमआयडीसीकडच्या आउटडोअरमध्ये हमखास दिसते: मागाचे तंतू. टॉवेल-चादरीच्या कारखान्याशेजारचं युनिट उघडलं की हीट सिंकच्या पंखांत आणि बोर्डच्या कडेला कापसाची मऊ गादी बसलेली असते. ती दुहेरी घात करते. कोरडी असते तेव्हा हीट सिंकला हवा लागू देत नाही, आणि एकदा भिजली की ओल कितीतरी दिवस धरून ठेवते. वरून बोर्ड खडखडीत वाळलेला दिसतो आणि आयपीएमच्या पायांपाशी तंतूंचा बोळा ओलाच असतो.

बोर्डवरचा पारदर्शक लेप पाण्यापासून वाचवायलाच असतो, पण तो सगळीकडे सारखा नसतो. कनेक्टर, मोठ्या कपॅसिटरांचं बूड, रिले आणि आयपीएमच्या पिनांच्या ओळी या जागा आधी तपासा. जिथे लेप फुगलाय किंवा त्याखाली हिरवट डाग आहे तिथे पाणी लेपाच्या आत अडकलंय. अशा ठिकाणी लेप असण्यापेक्षा नसलेला बरा.

## ४. धुणं, मग वाळवणं

हाच टप्पा लोक सर्वांत जास्त चुकवतात, म्हणून इथे थोडा वेळ घेतो. बोर्ड नुसता वाळवला की पाणी जातं, क्षार जात नाही. तो पिनांमध्ये कोरडा बसून राहतो आणि हवेतली ओल ओढून घेतो. म्हणून बोर्ड मे महिन्यात व्यवस्थित चालतो आणि जूनमध्ये पहिल्या दमट रात्री उडतो. "पाणी गेलं होतं ते दीड महिन्यापूर्वी, त्याचा काय संबंध?" असं लोक विचारतात. संबंध हाच.

क्षार धुवायला पाणीच लागतं, पण शुद्ध. बॅटरीच्या दुकानात मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर आणा, लेबल वाचून, कारण त्याच दुकानात ॲसिडही मिळतं. मऊ दात-ब्रशने पांढरी रेघ आणि हिरवे डाग त्याने घासून काढा, बोर्ड तिरपा धरून, पाणी कनेक्टरांकडे वाहणार नाही असं. त्यानंतर लगेच 99 टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुन्हा धुवा. हे अल्कोहोल एकट्याने क्षार नीट काढत नाही, त्याचं काम उरलेलं पाणी फटींतून ओढून बाहेर नेण्याचं आहे. म्हणून दोन्ही लागतात, आणि याच क्रमाने. पेट्रोल, थिनर किंवा गंज सोडवायचा तेलकट स्प्रे वापरू नका. पहिल्या दोघांनी प्लॅस्टिक आणि लेप खराब होतो, तिसऱ्याने धूळ चिकटून बसते.

वाळवायला पुठ्ठ्याच्या खोक्यात साठ वॅटचा तारेचा बल्ब पेटवून बोर्ड त्यापासून वीतभर लांब ठेवा, सात-आठ तास. बोर्ड हाताला सोसवेल इतकाच गरम राहिला पाहिजे. हॉट एअर गन लावून दहा मिनिटांत वाळवलेला बोर्ड फक्त वरून वाळतो. ट्रान्सफॉर्मर, रिले आणि आयपीएमच्या पोटाखालचं पाणी सावकाश निघतं. तांदळाच्या डब्यात ठेवायच्या भानगडीत पडू नका, पिनांत पीठ तेवढं अडकेल.

तपासा: वाळल्यावर भिंगातून आयपीएमच्या पिनांची ओळ बघा. दोन पिनांमध्ये काळा, कोळशासारखा ठिपका असेल तर तो धुऊन जात नाही. जळलेला बोर्ड स्वतःच वीज वाहून नेतो. तेवढा भाग कोरून काढावा लागतो. ठिपका मोठा असेल तर बोर्ड सोडून द्यावा.

## ५. मीटरने तपासणी, वीज न देता

आयपीएम म्हणजे कॉम्प्रेसरला तीन फेजची वीज बनवून देणारा मोड्यूल. त्यात सहा स्विच असतात, प्रत्येक फेजला एक वरचा आणि एक खालचा, आणि त्यांना चालवणारं छोटं सर्किटही आतच असतं. एका फेजचे वरचा आणि खालचा स्विच कधीही एकदम चालू व्हायचे नसतात. झाले तर मोठ्या कपॅसिटरातला सगळा साठा थेट मोड्यूलमधून धावतो. पाणी नेमकं इथेच घात करतं. चालवणाऱ्या पिनांवर ओल असली की चुकीचा इशारा पोचतो, किंवा विद्युतप्रवाह मोजणाऱ्या बारीक वाटेत गळती होते आणि बोर्डला प्रवाह खरा किती ते कळतच नाही. पुढचं सगळं सेकंदाच्या लहानशा तुकड्यात घडतं. फ्यूजला वितळायला वेळच मिळत नाही, म्हणून फ्यूज धड आणि आयपीएम मेलेला, असं चित्र दिसतं.

सगळ्यांत आधी कॉम्प्रेसरच्या तिन्ही वायरी बोर्डपासून सोडा. त्या न सोडता मोजलं तर कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगमधून तिन्ही फेज एकमेकांना जोडलेले असतात. एक फेज शॉर्ट असला तरी तिन्ही शॉर्ट दिसतात.

मीटर डायोडवर ठेवा. लाल पिन एनवर म्हणजे ऋण बाजूला, काळी पिन आळीपाळीने यू, व्ही, डब्ल्यूवर. तीनही वाचनं साधारण 0.4 ते 0.5 च्या घरात आणि एकमेकांशी जुळणारी हवीत. मग काळी पिन पीवर म्हणजे धन बाजूला आणि लाल पिन आळीपाळीने तिन्हींवर. पुन्हा तशीच तीन वाचनं. पिना उलट केल्या की `OL` दिसायला हवं. कुठे 0.00 आलं तर तो स्विच शॉर्ट.

नेमका आकडा किती यापेक्षा तिन्ही सारखे आहेत का हे महत्त्वाचं. सहाही वाचनं बरोबर आली म्हणून मोड्यूल चांगलाच असंही नाही. ही चाचणी फक्त मोठे स्विच बघते, आतलं चालवणारं सर्किट बघत नाही.

आता कॉम्प्रेसर. यू-व्ही, व्ही-डब्ल्यू, डब्ल्यू-यू तिन्हीचे ओहम सारखे हवेत. आकडा लहान असतो, बऱ्याचदा एक-दोन ओहमच्या आसपास, म्हणून आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावून वायरीचा स्वतःचा रोध वजा करा. मग प्रत्येक वायर ते कॉम्प्रेसरची धातूची टाकी, 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने.

सावधान: मेगर लावताना कॉम्प्रेसरच्या वायरी बोर्डला जोडलेल्या असल्या तर धड आयपीएमही तिथल्या तिथे जाऊ शकतो. हा अपघात मी अनुभवी माणसांच्या हातूनही झालेला पाहिलाय, आणि एकदा माझ्याच हातून.

कॉम्प्रेसर टाकीला शॉर्ट दाखवत असेल तर बोर्डचा हिशोब इथेच संपला. नवीन बोर्ड लावला तरी पहिल्याच सुरुवातीला तोही जाईल.

## ६. एरर आयपीएमचा, दोष दुसऱ्याचाच

इनडोअरच्या पडद्यावर आयपीएमचा कोड दिसला याचा अर्थ मोड्यूलने "मला चालवू नका" अशी खूण दिली, एवढाच. खूण देणारा मोड्यूल बऱ्याचदा जिवंत असतो. तो तीन कारणांनी ही खूण देतो: प्रवाह फार वाढला, त्याचा स्वतःचा पंधरा व्होल्टचा पुरवठा कमी पडला, किंवा तो तापला.

तापण्याचं कारण तंतूंनी बुजलेली हीट सिंक, अडकलेला पंखा किंवा वाळून भुगा झालेली थर्मल पेस्ट असू शकतं. सोलापूरच्या मे महिन्यात गच्चीवर पत्र्याशेजारी बसवलेल्या युनिटला दुपारी तीनला एरर येतो आणि संध्याकाळी येत नाही, तेव्हा पाण्याचा विचार सोडून आधी हवेचा करा. प्रवाह वाढण्यामागे सैल यू-व्ही-डब्ल्यू कनेक्टर, अडकलेला कॉम्प्रेसर किंवा जास्त भरलेला गॅस असू शकतो.

पंधरा व्होल्ट बघायला बोर्डला सिरीज बल्बमधून वीज द्या, शंभर वॅटचा तारेचा बल्ब, आणि कॉम्प्रेसर सुटाच ठेवा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर कपॅसिटर भरले आणि पुढे शॉर्ट नाही. तसाच झगझगत राहिला तर ताबडतोब बंद करा. मंद झाल्यावर मोड्यूलच्या पुरवठ्याच्या पिनांवर पंधराच्या आसपास व्होल्ट मिळायला हवेत. साडेतेराच्या खाली असतील तर मोड्यूल बदलून काही उपयोग नाही, नवा मोड्यूलही तीच खूण देऊ शकतो.

## ७. एक बोर्ड, आकड्यांसकट

गेल्या मेमधला हा बोर्ड. जुळे सोलापूरमधलं घर, दीड टनाचं युनिट, मुलीच्या साखरपुड्याआधी सगळं घर धुऊन काढलेलं. धुतल्यानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालू केलं, वीसेक मिनिटांत बंद पडलं. मग दर वेळी तेच व्हायचं: पंखा फिरायचा, कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करायचा आणि एरर यायचा. सर्व्हिसवाल्याने पेटी न उघडता 16,520 रुपये सांगितले होते. काकू वैतागून म्हणाल्या, "अहो, त्यात अजून थोडे घातले तर नवा एसी येतोय की."

फ्यूज धड होता. एनपासून यू 0.42, व्ही 0.43 आणि डब्ल्यू 0.00. पीकडून तिन्ही 0.43-0.44. म्हणजे डब्ल्यूचा फक्त खालचा स्विच शॉर्ट होता. लक्षणं याच्याशी जुळत होती. वरचा स्विच बंद असेपर्यंत काही होत नव्हतं, म्हणून फ्यूजही धड आणि बोर्डही जिवंत. कॉम्प्रेसर सुरू करायला वरचा चालू झाला की शॉर्ट व्हायचा आणि मोड्यूल स्वतःला थांबवायचा. कॉम्प्रेसरचे तिन्ही वाइंडिंग 0.9 ओहम, टाकीला मेगरवर 80 मेगाओहम. कॉम्प्रेसर उत्तम.

इथे लगेच मोड्यूल बदलायचा मोह होतो. सिरीज बल्बवर घेतलं तर पंधरा व्होल्टच्या जागी 13.1 मिळाले. पांढरी रेघ ज्या छोट्या कपॅसिटरखाली जाऊन थांबली होती, तो काढला तर बुडाखाली हिरवा चिखल. कपॅसिटर बदलून जागा धुतली, व्होल्ट 15.0 झाले. मगच मोड्यूल काढला. हा क्रम उलटा झाला असता तर 1,150 रुपयांचा नवा मोड्यूल लावून कदाचित तोच एरर बघत बसलो असतो.

## ८. मोड्यूल बदलताना होणाऱ्या चुका

काढणं हे लावण्यापेक्षा अवघड. पिना वीस-पंचवीस, तांबं जाड, त्यावर लेप. आधी लेप खरवडा, जुन्या झाळेत ताजी झाळ मिसळा आणि मग पंपाने ओढा. जोर लावून उपटला तर पिनेबरोबर ट्रॅकही वर येतो. जुना मोड्यूल पुन्हा वापरायचाच नाही, तेव्हा त्याच्या पिना कटरने एकेक कापून मग एकेक झाळ काढणं बोर्डसाठी सगळ्यात सुरक्षित.

नवा मोड्यूल विश्वासाच्या दुकानातून घ्या. वरचा नंबर घासून पुन्हा छापलेले, जुन्या बोर्डवरून उपटलेले मोड्यूल बाजारात आहेत. पिनांवर जुन्या झाळेचा थर दिसला तर परत करा. लावण्याआधी त्याचीही सहा वाचनं घ्या.

थर्मल पेस्ट पातळ थरात. लोणी लावल्यासारखी थापली तर उष्णता अडते. हीट सिंकचे दोन स्क्रू आळीपाळीने, आधी दोन्ही हलके आणि मग दोन्ही घट्ट. एक स्क्रू एकदम आवळला की मोड्यूल तिरका दबतो आणि आतली सिरॅमिक पट्टी तडकते. बाहेरून काहीच दिसत नाही, आठवड्याने परत एरर. स्क्रू आवळून झाल्यावरच पिना झाळा, म्हणजे पिनांवर ताण राहत नाही.

शेवटी जिथे लेप काढला तिथे नवा लेप द्या, पूर्ण कोरड्या बोर्डवर, कनेक्टर सोडून. बाथरूमच्या फटी भरायचं सिलिकॉन ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो, ते बोर्डजवळ आणू नका. त्यातून सुटणारं आम्ल तांबं खातं. मी ते लावलेले बोर्ड उघडलेत. सिलिकॉन जसंच्या तसं आणि खाली ट्रॅक गायब.

तपासा: पूर्ण जोडणीनंतर भर दुपारी पाऊण तास चालवा. क्लॅम्प मीटरने तिन्ही वायरींचा प्रवाह बघा. साधा क्लॅम्प इथे अचूक आकडा देत नाही, पण तिन्ही एकमेकांच्या जवळ हवेत.

## ९. कोटेशन वाचायचं कसं

जुळे सोलापूरच्या त्या 16,520 मध्ये बोर्ड 12,800, त्यावर 18 टक्के जीएसटी 2,304, भेट व बसवणी 1,200 आणि त्यावर जीएसटी 216 असं होतं. यात लुबाडणूक शोधत बसायचं कारण नाही. कंपनीच्या यादीत "आयपीएम" नावाचा सुटा भाग बहुधा नसतोच, असतो तो पूर्ण बोर्ड, अनेकदा पेटी आणि हीट सिंकसकट. बोर्ड दुरुस्त करणं सर्व्हिसवाल्याच्या कामात येत नाही. एक पिन खराब असो की पन्नास, किंमत एकच.

त्यात त्या बोर्डमधला प्रोग्राम त्या कॉम्प्रेसरसाठीच लिहिलेला असतो. शेजारच्या मॉडेलचा बोर्ड भोकांना बसला तरी मोटर नीट फिरत नाही. म्हणून प्रत्येक मॉडेलचा वेगळा बोर्ड साठवावा लागतो, आणि मॉडेल जुनं झालं की तो मिळेनासा होतो किंवा महाग होतो. जोखीमही किमतीत धरलेली असते. पाणी गेलेल्या युनिटमध्ये नवीन बोर्ड लावला आणि कॉम्प्रेसरच्या दोषाने तोही गेला तर ग्राहक नवा बोर्ड फुकट मागतो. म्हणून काही जण न तपासता बोर्डसोबत कॉम्प्रेसरही कोटेशनमध्ये टाकतात. तिथे मात्र अडवा. वाइंडिंगचे तीन ओहम आणि मेगरचं वाचन कागदावर लिहून मागा. ते मोजलेलंच नसेल तर कॉम्प्रेसर बदलायचं कारणही नाही.

माझं बिल 4,400 झालं: मोड्यूल 1,150, कपॅसिटर, पेस्ट आणि लेप 250, मजुरी 2,600, येणं-जाणं 400. मोड्यूलच्या दुपटीहून जास्त मजुरी ऐकून काका म्हणाले, "पार्ट अकराशेचा आन् मजुरी सव्वीसशे?" मी त्यांना धुणं, वाळवणं आणि पिना काढणं मिळून दीड दिवस गेला ते दाखवलं. शिवाय तीन महिन्यांत परत आला तर मोड्यूल माझ्या खिशातून जाणार. सुट्या दुरुस्तीचं कोटेशन फारच कमी आलं तर विचारा: धुणार का? पंधरा व्होल्ट मोजणार का? मोड्यूल नवा की काढलेला? किती दिवसांची हमी, आणि ती लेखी का?

काही बोर्डांवर सुटी दुरुस्ती परवडत नाही, मग कोटेशन चढं असलं तरी पूर्ण बोर्डच घ्यावा. मुख्य चिप जळलेली, ट्रॅक जळून बोर्डला भोक पडलेलं, किंवा सगळा बोर्ड घट्ट रबरात ओतून बंद केलेला असेल तर मी हात लावत नाही. युनिट जुनं, कॉइललाही गळती आणि बोर्डही गेलेला असेल तर काकूंचं म्हणणं खरं ठरतं.

## १०. परत लावताना

पेटीचं वरचं झाकण आणि त्याची रबरी पट्टी जागेवर आहे का बघा, मागच्या माणसाने ती बहुधा फेकलेली असते. इनडोअरकडून येणारी वायर पेटीत शिरण्याआधी खाली वळवून तिचा झोका ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी त्या झोक्याच्या तळातून गळून जाईल. वायर सरळ वरून आत शिरत असेल तर वळवाच्या पहिल्या सरीत तीच पन्हाळीचं काम करते. कूलर शेजारी असेल तर त्याचा फवारा उजव्या बाजूवर येतो का तेही बघा.

पुढच्या वेळी धुताना एमसीबी पाडून उजव्या बाजूवर आणि वरून प्लॅस्टिक बांधा. नळाच्या साध्या पाइपने फक्त मागच्या कॉइलवर पाणी सोडा, आणि चालू करण्याआधी प्लॅस्टिक काढा. तंतूंची गादी पाण्याआधी कोरड्या ब्रशने काढा, ओली झाली की ती फिनमध्ये लगदा होऊन बसते. जुळे सोलापूरच्या त्या घरी मी काकांना प्लॅस्टिक कुठे बांधायचं ते मार्करने पत्र्यावर रेघ मारून दाखवलं. या मार्चमध्ये त्यांनी धुताना फोटो पाठवला: प्लॅस्टिक रेघेवर बरोबर बांधलेलं, आणि एमसीबीवर चिकटपट्टी.